स्पॅम अचानक वाढला? आधी पत्ता कुठे फुटला ते पाहा

गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या मावशीचा फोन आला. "अरे, माझ्या मेलमध्ये सोमवारपासून नुसता कचरा येतोय. कर्ज घ्या, कुरिअर अडकलंय, कसल्यातरी नाण्यात पैसे गुंतवा. रोज पाच-सहा यायचे, आता साठ-सत्तर येतात. आणि आज एक आलाय, त्यात माझा पासवर्ड लिहिलाय रे." शेवटचं वाक्य तिने इतक्या हळू आवाजात सांगितलं, की जणू तो मेल पाठवणारा स्वयंपाकघरातच उभा होता.

मी एका छोट्या कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे असे फोन मलाच येतात. मावशीबरोबर त्या संध्याकाळी जे केलं, तेच इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणं जीमेलची आहेत. दुसरीकडे बटणांची नावं वेगळी असतील, पण काम तेच.

आधी स्पॅमची जात ओळखा

"स्पॅम वाढला" असं म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो: किती वेळात वाढला? कारण याची तीन वेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिलं दुखणं सगळ्यात घाईचं. एका-दोन तासांत शेकडो मेल येऊन पडतात, आणि ते नेहमीसारखे फसवे नसतात. "आमच्या वार्तापत्राची वर्गणी घेतल्याबद्दल आभार", "आपलं खातं तयार झालं", असले मजकूर, कुठल्या कुठल्या भाषांतले, आणि खऱ्याखुऱ्या संस्थांकडून आलेले. कोणीतरी एका प्रोग्रामच्या मदतीने तुमचा पत्ता जगभरातल्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये भरलेला असतो. हे बहुतेक वेळा गंमत म्हणून होत नाही. त्या ढिगाऱ्याखाली एखादा खरा मेल लपवायचा असतो: तुमच्या कार्डावर झालेली खरेदी, बदललेला पासवर्ड, बँकेत जोडलेला नवा लाभार्थी. अशा वेळी मेल पुसत बसू नका. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका:

```
in:anywhere newer_than:2d (otp OR order OR password OR transaction)
```

`in:anywhere` लिहिल्यामुळे स्पॅम आणि कचऱ्याचे कप्पेही चाळले जातात. त्यासोबत बँकेचं ॲप आणि खरेदीची ॲप उघडून ऑर्डर व व्यवहार डोळ्यांनी पाहा, कारण तो एक मेल चोराने आधीच पुसलेलाही असू शकतो. पैसे गेलेले दिसले तर लगेच बँकेला कळवा आणि 1930 या हेल्पलाइनवर फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळायच्या आत अडवता आले तर येतात. उद्या सकाळी बघू म्हटलं, तर बहुधा हाती काही लागत नाही.

दुसऱ्या दुखण्यात येणारे मेल "पोहोचवता आला नाही" अशा निरोपांचे असतात, `Mail Delivery Subsystem` या नावाने. आपण न पाठवलेले मेल परत येताना पाहून माणूस हबकतो. तुमचा Sent कप्पा पाहा. तिथे ते मेल नसतील तर बहुधा खात्यात कोणी शिरलेलं नाही. पोस्टाच्या पाकिटावर "प्रेषक" म्हणून कोणीही तुमचं नाव लिहू शकतो, तसंच हे आहे. पासवर्ड बदलून त्यात काही फरक पडत नाही. दोन-चार दिवसांत ते आपोआप ओसरतं. Sent मध्ये मात्र अनोळखी मेल दिसले, तर या लेखाचा पुढचा भाग पळत पळत वाचा.

तिसरं दुखणं मावशीचं. मेल चार-सहा दिवसांत वाढत गेले, विषय नेहमीचेच फसवे, आणि मग वाढलेला आकडा तसाच टिकून राहिला. याचा अर्थ साधारणपणे असा, की तिचा पत्ता एखाद्या नव्या यादीत पोहोचला. पेपर फुटतो तशी कुठलीतरी माहिती फुटली होती. कुठली, ते शोधायचं होतं.

पत्ता तपासणे

यासाठी मी एकच ठिकाण वापरतो: `haveibeenpwned.com`. ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट या सुरक्षा तज्ज्ञाने ते 2013च्या डिसेंबरमध्ये सुरू केलं. त्याच वर्षी अडोबी कंपनीच्या सुमारे 15.3 कोटी खात्यांची माहिती बाहेर पडली होती आणि आपण त्यात आहोत का, हे सामान्य माणसाला कळायला सोपा मार्ग नव्हता. तपासणी फुकट आहे. तुमचा मेलचा पत्ता टाकायचा, बटण दाबायचं, बस्स.

नाव जरा अवघड आहे, म्हणून स्पेलिंग नीट पाहून स्वतः टाइप करा. मेलमधल्या किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून तिथे जाऊ नका. मेलच्या पत्त्यासोबत पासवर्डही मागणारी किंवा निकाल दाखवायला पैसे मागणारी "तपासणी केंद्रं" जागोजागी आहेत. पत्ता तपासायला पासवर्ड लागत नाही. कोणी मागितला तर ते पान बंद करा.

निकालात काही नसेल तर ठीक, पण त्यावर फार विसंबू नका. फुटलेली माहिती या संकेतस्थळाच्या हाती लागेपर्यंत काळ जातो, कधी वर्षं जातात. लिंक्डइनवर चोरी झाली 2012 मध्ये. तेव्हा बाहेर आले ते थोडे पासवर्ड. 16 कोटींहून जास्त खात्यांची पूर्ण यादी विकायला आली ती 2016 मध्ये. मधली चार वर्षं ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता, त्यांना कुठल्याही तपासणीत काही दिसलं नसतं.

निकाल आला, तर प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी वाचायच्या: चोरी कधी झाली, ती इथे कधी नोंदली गेली, आणि `Compromised data` म्हणजे नेमकं काय काय गेलं. पहिली नजर या तिसऱ्या ओळीवर टाका. तिथे `Passwords` हा शब्द आहे की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू. 2021 मध्ये डॉमिनोज इंडियाची माहिती बाहेर आली, त्यात सुमारे 2.25 कोटी मेल पत्ते होते, नावं, फोन नंबर, घरचे पत्ते आणि कोणी काय मागवलं तेही होतं. पण नोंदीत पासवर्डचा उल्लेख नाही. 2020च्या ऑक्टोबरमध्ये बिगबास्केटची 2 कोटींहून जास्त ग्राहकांची माहिती गेली, तिच्यात पत्ता, फोन, जन्मतारीख होती आणि पासवर्डही होते, हॅशच्या म्हणजे मूळ शब्द दिसणार नाही अशा बदललेल्या रूपात. पहिल्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याने पासवर्ड बदलून काही साधत नाही. त्याने फोनवर जपायचं. "अमुक तारखेला तुम्ही हे मागवलं होतं ना, त्याचा परतावा देतोय" असं कोणी बोलला, तर त्याला खरी माहिती आहे म्हणून तो खरा माणूस ठरत नाही. दुसऱ्या नोंदीतल्याने मात्र आजच पासवर्ड बदलायचा.

बिगबास्केटच्या नोंदीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. माहिती चोरीला गेली ऑक्टोबरमध्ये, आधी ती गुपचूप विकली गेली, आणि सगळ्यांना फुकट मिळेल अशी बाहेर आली पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये. स्पॅम अचानक वाढण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. चोरी जुनी असते, वाटप नवं असतं. यादी विकत घेणारे थोडे असतात, फुकट उचलणारे पुष्कळ.

मावशीच्या पत्त्यावर तीन नोंदी निघाल्या. एक एका जुन्या चित्रं बनवायच्या संकेतस्थळाची, पासवर्ड नीट राखलेले, काळजीचं कारण कमी. दुसरी होती एक खिचडी यादी. अनेक चोऱ्यांमधले पत्ते आणि पासवर्ड एकत्र कालवून कोणीतरी बनवलेली. 2019च्या जानेवारीत अशीच "कलेक्शन नंबर 1" नावाची यादी निघाली होती, 77 कोटी पत्त्यांची. अशा नोंदीतून माहिती कुठून फुटली ते कळत नाही. एवढंच कळतं, की तुमच्या पत्त्याबरोबर कुठलातरी पासवर्ड फिरतोय. तिसरी नोंद होती एका ऑनलाइन साडीच्या दुकानाची. मावशीने तिथून एकदाच, चार वर्षांपूर्वी, भाचीच्या लग्नासाठी दोन साड्या मागवल्या होत्या. चोरी दोन वर्षांपूर्वीची, नोंद मात्र दहा दिवसांपूर्वीची. सोमवारपासून मेल का वाढले, ते इथे उलगडलं.

पासवर्ड "हॅश केलेला" म्हणजे काय

नोंदीत कधी "साध्या मजकुरात", कधी एसएचए-1, कधी बीक्रिप्ट असे शब्द दिसतात. ते काय आहेत हे कळलं, की घाई किती करायची तेही कळतं.

गिरणीत गहू दिले की पीठ मिळतं, पिठाचे परत गहू होत नाहीत. चांगलं संकेतस्थळ तुमचा पासवर्ड ठेवत नाही, त्याचं पीठ, म्हणजेच हॅश, ठेवतं. तुम्ही पुन्हा आत जाताना टाकलेला शब्द दळून दोन पिठं जुळतात का ते पाहतं. चोराच्या हाती लागतं ते हे पीठ. पण चोराकडेही तीच गिरणी असते. तो लोकांचे आवडते लाखो पासवर्ड, सगळी नावं, सगळी जन्मवर्षं दळत बसतो आणि जुळवत जातो. एमडी5 आणि एसएचए-1 या गिरण्या फार वेगवान आहेत, त्यामुळे नाव आणि साल असा पासवर्ड तिथे टिकत नाही. बीक्रिप्ट मुद्दाम संथ बनवलेली आहे, तिथे चोराचा वेळ जातो. साध्या मजकुरात ठेवलेला पासवर्ड म्हणजे गहूच उघड्यावर. साडीच्या दुकानाने तेच केलं होतं.

त्याच संकेतस्थळावर पासवर्ड तपासायचं वेगळं पान आहे: `haveibeenpwned.com/Passwords`. तो शब्द आजवरच्या फुटलेल्या पासवर्डांमध्ये कितीदा सापडलाय, हा आकडा तिथे मिळतो. इथे सगळे घाबरतात, आणि घाबरावंच: परक्या पानावर पासवर्ड टाकायचा? पण या पानाची रचना पाहण्यासारखी आहे. समजा शब्द आहे `password`. तुमचा ब्राउझर तो तुमच्याच फोनमध्ये दळतो आणि हे तयार होतं:

```
5BAA6 1E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8
```

मधली मोकळी जागा मी दिली आहे. फक्त पहिली पाच अक्षरं, `5BAA6`, बाहेर जातात. तिकडून या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या हॅशची उरलेली शेपटं येतात, शेकड्यांनी, आणि त्यात तुमचं शेपूट आहे का हे ब्राउझर तुमच्याच फोनमध्ये पाहतो. तुम्ही नेमकं कोणतं शोधत होतात हे त्या संकेतस्थळालाही कळत नाही.

एवढं सांगूनही मी मावशीला उलट्या क्रमाने करायला लावलं: आधी पासवर्ड बदल, मग जुना तिथे टाकून पाहा. म्हणजे भीतीला जागाच उरत नाही. तिचा जुना पासवर्ड, नातवाचं नाव आणि त्याचं जन्मवर्ष, चोवीस वेळा सापडला. "म्हणजे माझ्या नातवाच्या नावाचे आणखी तेवीस आहेत?" हा तिचा पहिला प्रश्न होता. असतीलच. म्हणूनच तो पासवर्ड वाईट.

आता त्या भीतीदायक मेलचं. "तुझ्या कॅमेऱ्यातून तुझं चित्रण केलंय, हा बघ तुझा पासवर्ड, इतके पैसे पाठव नाहीतर सगळ्यांना दाखवतो." असा मजकूर 2018 पासून जगभर लाखो लोकांना गेला आहे. पाठवणाऱ्याकडे चित्रण नसतं, फुटलेल्या यादीतली एक ओळ असते, आणि प्रोग्राम ती ओळ प्रत्येकाच्या मेलमध्ये चिकटवतो. उत्तर द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. पण त्या मेलचा एक उपयोग आहे. त्यात लिहिलेला पासवर्ड कोणता, यावरून नेमकं काय फुटलं ते कळतं. मावशीच्या मेलमध्ये साडीच्या दुकानातला पासवर्ड होता. अडचण अशी, की तोच पासवर्ड तिच्या मेलला होता, रेल्वे आरक्षणाला होता, फेसबुकला होता आणि आणखी सहा ठिकाणी होता.

काय बदलायचं, आणि कुठल्या क्रमाने

पत्ता एकदा फुटला की तो परत घेता येत नाही. तो बदलायचीही सहसा गरज नसते. बदलायचं ते कुलूप, आणि त्याच किल्लीने उघडणारी बाकीची सगळी कुलपं. चोरांचे प्रोग्राम पत्ता आणि पासवर्डची फुटलेली जोडी घेऊन एकामागून एक संकेतस्थळांवर लावून पाहतात. साडीच्या दुकानात मावशीचं काही ठेवलेलं नव्हतं, पण ती किल्ली तिच्या मेललाही लागत होती.

सुरुवात मेलच्या खात्यापासूनच करायची, कारण बाकी सगळीकडचा "पासवर्ड विसरलात?" हा दुवा त्याच खात्यात येतो. बँकेचा पासवर्ड आधी बदलून मेल उघडा ठेवला, तर चोर मेलमधून बँकेचा पुन्हा बदलू शकतो.

पण त्याच्याही आधी एक अट आहे. निकालात `Stealer logs` असा शब्द दिसला, तर माहिती कुठल्या दुकानातून नाही, तुमच्याच किंवा तुम्ही वापरलेल्या एखाद्या कॉम्प्युटरमधून गेलेली असते. चोरून उतरवलेलं सॉफ्टवेअर, खेळाचं "क्रॅक", असल्या वाटेने शिरलेला प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एकगठ्ठा उचलतो. 2025च्या फेब्रुवारीत अशा नोंदींचा एक प्रचंड साठा या संकेतस्थळावर आला, 28 कोटींहून जास्त पत्त्यांचा. त्या कॉम्प्युटरवर बसून नवा पासवर्ड लिहिला, तर तोही जातो. आधी दुसऱ्या स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला. तो कॉम्प्युटर फॉरमॅट करून घ्या, मगच वापरा.

मावशीच्या निकालात ते नव्हतं. तिच्या फोनवरून `myaccount.google.com` उघडून `Security` मध्ये गेलो. नवा पासवर्ड जुन्याचा भाऊ नको. शेवटी एक आकडा वाढवणं किंवा a च्या जागी @ टाकणं हे चोराच्या प्रोग्रामला आधीच माहीत असतं. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर लक्षातही राहतात आणि लांबीही मिळते. मावशीने निवडलेल्या शब्दांत एक भाजी, एक गाव आणि तिच्या शाळेतलं एक यंत्र आहे. त्यापुढचं मी मुद्दाम ऐकलं नाही.

मग त्याच पानावर खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर पाहिला. तिथे काकांचा नंबर होता. काका गेल्यावर ते सिम बंद केलं, त्याला तीन वर्षं झाली. बंद झालेले नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात. म्हणजे तिच्या मेलच्या पाठीमागच्या दाराची किल्ली कोणा अनोळखी माणसाच्या खिशात असू शकत होती. फुटलेल्या पासवर्डाइतकीच ही गोष्ट गंभीर होती, आणि ती कुठल्याच तपासणीत दिसत नाही. नंबर बदलला. पर्यायी मेल पत्ता मुलीचा दिला.

त्यानंतर दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू केली. मला स्वतःला कोड देणारं ॲप आवडतं, कारण एसएमएसवर येणारा कोड फसवून काढून घेता येतो आणि सिम हातचं गेलं की कोडही जातो. पण मावशीला दोन ॲपांचा घोळ जमला नसता. तिच्यासाठी फोनवर "हे तुम्हीच का?" विचारणारी सूचना ठेवली. "तू स्वतः लॉगिन करत नसशील तर कधीही हो म्हणायचं नाही," एवढं तीनदा सांगितलं. गूगल देतं ते दहा बॅकअप कोड कागदावर लिहून देवघरातल्या डब्यात ठेवले.

आता जी तपासणी बहुतेक लोक करत नाहीत ती. कोणी आधीच आत येऊन गेलं असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तो मागे ठेवलेल्या पाइपातून तुमचे मेल पाहत राहतो. हे फोनच्या ॲपमध्ये नीट दिसत नाही, कॉम्प्युटरवर जीमेल उघडावं लागतं. दाताळ्या चक्रावर, मग `See all settings` वर जाऊन चार जागा पाहायच्या:

`Forwarding and POP/IMAP` मध्ये तुम्ही न दिलेला पत्ता आहे का. `Filters and Blocked Addresses` मध्ये बँकेचे मेल थेट पुसणारा किंवा बाजूला सारणारा नियम आहे का. `Accounts and Import` मध्ये `Grant access to your account` खाली कोणाचं नाव आहे का, आणि त्याच पानावर `Send mail as` मध्ये अनोळखी पत्ता आहे का.

शेवटी इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे `Details` असा छोटा दुवा असतो. त्यात खातं अलीकडे कुठून उघडलं गेलं ते दिसतं. गाव थोडं इकडचं तिकडे दिसलं तर घाबरू नका, मोबाइल कंपनीच्या जाळ्यामुळे सांगलीचा फोन पुण्यात किंवा मुंबईत दिसतो. दुसरा देश किंवा तुमच्याकडे नसलेला ब्राउझर दिसला, तर तिथूनच बाकी सगळ्यांना बाहेर काढता येतं. मावशीच्या चारही जागा स्वच्छ होत्या.

मेल बंदिस्त झाल्यावर बाकीची आठ खाती. ती आठवायची कशी? क्रोममध्ये किंवा अँड्रॉइड फोनमध्ये पासवर्ड साठवत असाल, तर `passwords.google.com` वर `Checkup` आहे. कोणते फुटलेत, कोणते दोन ठिकाणी तेच आहेत, कोणते कमजोर आहेत, याची यादी ते देतं. साठवत नसाल तर मेलमध्येच शोधा:

```
in:anywhere subject:(welcome OR verify OR registration)
```

वर्षानुवर्षं विसरलेली खाती यात निघतात. जी नको आहेत ती पासवर्ड बदलत बसण्यापेक्षा बंदच करा. मावशीची चार खाती आम्ही बंद केली, साडीच्या दुकानाचंही. उरलेल्यांत पैशांशी संबंध असलेली आधी, फेसबुक त्यानंतर.

नवे पासवर्ड ठेवायचे कुठे, यावर माझं मत थोडं जुनाट आहे. पासवर्ड मॅनेजर सगळ्यांत उत्तम. पण जो माणूस तो वापरणार नाही, त्याने कपाटातल्या वहीत लिहून ठेवावेत. मावशीची वही चोरायला कोणाला सांगलीत तिच्या घरी यावं लागेल. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवला तर यावं लागत नाही.

आणि स्पॅमचं काय

तो एका दिवसात थांबत नाही. पासवर्ड बदलल्याने यादीतलं नाव पुसलं जात नाही, हे मावशीला पटायला वेळ लागला. रोज येणारे मेल निवडून `Report spam` दाबायचं, नुसतं पुसायचं नाही, म्हणजे गाळणी शिकते. खऱ्या दुकानाकडून आलेलं नको असेल तर वर नावाशेजारी दिसणारं `Unsubscribe` वापरा. अनोळखी मेलच्या तळाशी असलेल्या तशाच दुव्याला मात्र हात लावू नका, कारण तिथे टिचकी मारली की पत्ता जिवंत आहे एवढं पलीकडे कळतं. `Settings` मध्ये `General` खाली `Images` ला "बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा" हा पर्याय ठेवला, की नुसता मेल उघडल्यावर कळणारी खबरही थांबते.

पुढच्या वेळी कोणी फोडलं ते कळावं म्हणून एक युक्ती. जीमेलमध्ये पत्त्यातल्या @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घातला तरी मेल तुमच्याकडेच येतो. किराण्याच्या दुकानाला `tumchenav+kirana@gmail.com` असा पत्ता द्या. उद्या कर्जवाल्याचा मेल या पत्त्यावर आला, तर तो कुठून गेला हे कपाळावर लिहिलेलं असेल. याच्या मर्यादाही सांगतो. काही संकेतस्थळं अधिकचं चिन्ह स्वीकारत नाहीत. हुशार चोर तो तुकडा काढून टाकतो. आणि पत्ता तपासताना प्रत्येक रूप वेगळं टाकावं लागतं, साध्या पत्त्याच्या निकालात +kirana ची नोंद दिसत नाही. बँक आणि सरकारी कामाला एक पत्ता आणि दुकानांना दुसरा, ही साधी विभागणी मला जास्त भरवशाची वाटते.

मावशीचा आकडा तीन आठवड्यांत रोज पंधरा-वीसवर आला, त्यातला इनबॉक्सपर्यंत पोहोचणारा एखाद-दुसरा. जाताना तिच्या पत्त्यासाठी त्याच संकेतस्थळावर `Notify Me` भरून दिलं. आलेल्या मेलमधला पडताळणीचा दुवा दाबला, की पुढे पत्ता कुठे सापडला तर मेल येतो. शिवाय ज्या चोऱ्या नाजूक मानल्या जातात, म्हणजे ज्यांत नाव असल्याचं इतरांना कळणं अडचणीचं ठरेल, त्या उघड शोधात दाखवत नाहीत. पत्ता आपलाच आहे हे असं सिद्ध केल्यावरच त्या दिसतात. त्या सूचनेच्या मेलमध्ये पासवर्ड कधीच मागितलेला नसतो. तसा मागणारा मेल आला, तर तोही `Report spam` मध्ये.